टीबीचा कोर्स संपला, थुंकी निगेटिव्ह आली, तरी खोकला आणि दम का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या ओपीडीत येणाऱ्या कितीतरी लोकांच्या पिशवीत टीबीच्या उपचाराचं जुनं कार्ड असतं. त्यावर ‘उपचार पूर्ण’ असा शेरा असतो, आणि तरी जिन्याच्या पहिल्याच वळणावर माणूस थांबून श्वास घेत असतो. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून सोबत एक नमुन्याचा रुग्ण ठेवला आहे: इचलकरंजीकडचे, यंत्रमागावर काम केलेले, ४८ वर्षांचे काका. हे कुणी एक गृहस्थ नाहीत, अशा अनेकांवरून बेतलेले आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांना फुफ्फुसाचा टीबी झाला, सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी न चुकता पूर्ण केला. त्यानंतर ‘फोटोत डाग दिसतोय’ एवढ्यावरून आणखी दोनदा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दम मात्र होता तसाच.

जंतू मेले म्हणता, मग छातीत उरलं काय?

उरते ती मोडतोड. टीबीचा जंतू आणि त्याच्याशी लढणारं आपलं शरीर, दोघं मिळून फुफ्फुसाचा तेवढा भाग खाऊन टाकतात. औषधांनी जंतू मरतो, पण गेलेलं फुफ्फुस परत उगवत नाही. तिथे व्रण तयार होतो, आणि व्रण जसा आकसतो तसा तो आजूबाजूच्या श्वासनळ्यांना ओढतो.

यातून मुख्यतः तीन गोष्टी होतात. बारीक श्वासनळ्या अरुंद होतात आणि हवा बाहेर पडायला वेळ लागतो. मोठ्या नळ्या ताणून रुंद आणि वेड्यावाकड्या होतात, त्यांच्यात कफ साचतो. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. तिसरं म्हणजे जिथे टीबीची पोकळी होती ती कधीकधी भरून न येता तशीच रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेत पुढे बुरशी राहायला येते. एकाच माणसात तिन्ही असू शकतात. काकांमध्ये आहेत.

या सगळ्याला मिळून टीबीनंतरचा फुफ्फुसाचा आजार म्हणतात. त्याची सर्वमान्य व्याख्या झाली ती २०१९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशच्या परिषदेत. इतक्या जुन्या आजाराच्या मागे उरणाऱ्या दुखण्याला इतकं उशिरा नाव मिळालं, याचं कारण माझ्या मते साधं आहे: कोर्स पूर्ण झाला की रजिस्टरमधली ओळ बंद होते आणि त्या माणसाचा हिशेब कुणाकडेच राहत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एकदा टीबी झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांची फुंकण्याची ताकद कायमची घटलेली आढळली. दोनदा झालेल्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांमध्ये ३५ टक्के. सर्वांत जास्त घट निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच होते, असंही त्यात दिसलं. म्हणजे औषध चालू असतानाच नुकसान घडत असतं.

माझा टीबी पुन्हा आलेला नाही, हे कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न पहिला सोडवायचा, कारण टीबी खरोखरच परत येऊ शकतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात कोर्स संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी सांगितलेली आहे. ती बहुतेक लोक चुकवतात.

पण नुसत्या छातीच्या फोटोवरून हे ठरत नाही. जुन्या व्रणाचा डाग जन्मभर दिसणार. प्रश्न डाग आहे की नाही हा नसतोच, तो वाढलाय का हा असतो. त्यासाठी जुनी फिल्म शेजारी लावावी लागते. कोर्स संपतानाचा फोटो जपून ठेवा असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

दुसरी अडचण सीबीनॅटची. ही चाचणी जंतूचा डीएनए पकडते, तो जिवंत आहे की मेलेला हे तिला कळत नाही. कोर्स झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचे अवशेष कित्येक महिने, कधी काही वर्षंही सापडतात. रिपोर्टवर ‘अगदी कमी’ किंवा ‘ट्रेस’ असं लिहून आलं असेल तर फार सावध राहावं. अशा वेळी निर्णय कल्चरवर, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीवर, घ्यायचा. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, पण वाढतो तो जिवंत जंतूच. त्यातही टीबीच्या जातीतले पण टीबी न करणारे दुसरे जंतू निघू शकतात. साध्या थुंकीच्या तपासणीत ते हुबेहूब टीबीसारखेच दिसतात, आणि त्यांची औषधं वेगळी असतात.

थांबायला वेळच नाही अशीही परिस्थिती असते. संध्याकाळचा ताप, भराभर उतरणारं वजन, फोटोत आधी नव्हता असा नवा डाग, असं सगळं जमून आलं तर डॉक्टर कल्चर लावून औषध लगेच सुरू करू शकतात. माझा आक्षेप आहे तो थुंकी न तपासता, ‘एकदा पुन्हा कोर्स करून टाकू’ म्हणून सुरू होणाऱ्या गोळ्यांना. काकांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कोर्सच्या वेळी कल्चर झालंच नव्हतं. दुसऱ्या कोर्समध्ये त्यांना कावीळ झाली, आणि ज्यामुळे दम लागत होता ते तसंच राहिलं.

आणखी एक. खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यातून लेव्होफ्लॉक्सासिन सहज लिहून दिलं जातं. हे औषध टीबीच्या जंतूवरही चालतं. त्याने टीबी बरा होत नाही, फक्त काही दिवस दबतो. थुंकी निगेटिव्ह येते आणि निदान लांबतं. म्हणून आधी थुंकी द्यायची, मग अँटिबायोटिक.

मला दमा झालाय का?

बहुधा नाही, पण फुंकून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात आणि पूर्ण रिकामं होईपर्यंत फुंकायची तपासणी. थुंकी निगेटिव्ह आल्यावरच ती करतात, नाहीतर त्या यंत्रावरून आजार पसरायचा.

काकांचा रिपोर्ट असा. पूर्ण श्वास भरून एकूण सोडलेली हवा २.१० लिटर, त्यांच्या उंचीवयाला अपेक्षित ३.६० लिटर. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा १.१५ लिटर, अपेक्षित २.८५. निरोगी माणूस एकूण हवेतला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. काका ५५ टक्के टाकतात, म्हणजे नळ्या अरुंद आहेत. पण त्यांची एकूण हवाही अपेक्षेच्या ५८ टक्केच आहे. त्याचं एक कारण म्हणजे फुफ्फुसाचा काही भाग व्रणाने आकसून निकामी झाला आहे. दुसरं म्हणजे हवा आत अडकूनही राहते. टीबीनंतर असं दुहेरी चित्र अगदी नेहमी दिसतं.

मग सालब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम पंपाने देऊन वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगितलं. पहिल्या सेकंदाची हवा १.२४ लिटर झाली. ९० मिलीलिटरची भर, म्हणजे जेमतेम. दम्यात पंप घेतल्यावर आकडा चांगलाच उडी मारतो. इथे नळ्या आवळलेल्या नाहीत, व्रणाने बांधल्या गेल्या आहेत, त्यामुळे त्या औषधाने फारशा सुटत नाहीत.

रिपोर्टवर ‘सीओपीडी’, म्हणजे बहुधा धूम्रपानाशी जोडला जाणारा नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असंही लिहून येतं. ते आकड्यांच्या हिशेबाने चूक नाही, पण त्यामुळे पुढचा डॉक्टर विडी-सिगारेटवर थांबतो आणि टीबीचा इतिहास मागे पडतो. काकांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही.

पंप घ्यायचा की नाही? आणि पंपात स्टिरॉइड असतं म्हणतात, ते चालतं का?

श्वासनळ्या सैल करणारे, दिवसभर टिकणारे पंप वापरून पाहण्यासारखे असतात. मशीनवर आकडा हलला नाही तरी काहींना चालताना फरक जाणवतो, कारण आत अडकलेली हवा थोडी मोकळी होते. दोन-तीन महिने नियमित वापरा आणि मग प्रामाणिकपणे सांगा. काहीच फरक नसेल तर आयुष्यभर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

स्टिरॉइडच्या पंपाबद्दल माझं मत जरा कडक आहे. खरा दमा सोबत असेल, किंवा रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतील, तर तो द्यावाच लागतो आणि अशा माणसाने तो मनाने बंद करू नये. पण फक्त टीबीच्या व्रणामुळे नळ्या अरुंद असतील तर त्याचा फायदा थोडा आणि तोटा जास्त. न्यूमोनिया होण्याची आणि टीबी पुन्हा उठण्याची शक्यता त्याने वाढते. आपल्याकडे दोन औषधं एकत्र असलेला पंप म्हणजे बहुतेक वेळा स्टिरॉइडचाच असतो. खोक्यावर नीट वाचा किंवा डॉक्टरांना सरळ विचारा.

रोज सकाळी वाटीभर बेडका पडतो. किती अँटिबायोटिकं खायची?

बेडका रोजचाच असेल तर अँटिबायोटिकपेक्षा तो रोज बाहेर काढणं हा मुख्य उपचार आहे. रुंद झालेल्या नळ्यांना स्वतःला झाडून घ्यायची ताकद राहिलेली नसते. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंनी नळी आणखी खराब होते, मग आणखी कफ. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ ब्राँकिएक्टॅसिस रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात सर्वांत जास्त आढळलेलं कारण जुना टीबी हेच होतं, सुमारे ३५ टक्के.

कफ काढण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर बसून शिकून घ्यावी. ढोबळ क्रम असा. खुर्चीत टेकून बसायचं, खांदे सैल सोडून मिनिटभर पोटाने शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास नाकाने घ्यायचे आणि प्रत्येक श्वास आत दोन-तीन सेकंद धरून सोडायचा, म्हणजे हवा कफाच्या मागे पोहोचते. पुन्हा शांत श्वास. मग हफ: तोंड गोल उघडं ठेवून, काचेवर वाफ धरायला सोडतो तसा ‘हाऽऽ’ करून श्वास जोराने सोडायचा. आधी लांब हफ, कफ वर आल्यासारखा वाटला की आखूड आणि जोरकस, आणि शेवटी एकच खोकला. हे चक्र दहा ते वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. नुसतं खोकत राहिलं तर माणूस दमतो आणि कफ तिथेच राहतो.

डोकं खाली करून झोपण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. तो खालच्या भागातल्या कफासाठी आहे. टीबीने खराब होतो तो बहुतेक वेळा फुफ्फुसाचा वरचा भाग, आणि तो बसूनच रिकामा होतो. काकांना आठवडाभर पलंगाच्या कडेला उलटं लटकवलं होतं. त्याने चक्कर आली, कफ आला नाही. आपली खराबी कुठल्या भागात आहे हे छातीच्या बारकाईच्या सीटीत, म्हणजे एचआरसीटीत, दिसतं, त्यावरून पवित्रा ठरवावा.

कफ चिकट असेल तर ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने घेता येते. पहिली वेळ दवाखान्यात घ्या, कारण काहींची छाती त्याने आवळते.

अँटिबायोटिकची वेळ येते ती नेहमीचं चित्र बदललं की: बेडका दुप्पट झाला, रंग पिवळ्याचा गडद हिरवा झाला, दम वाढला, ताप आला. तेव्हा आधी थुंकी कल्चरला, मग औषध, आणि ते साधारण १४ दिवस. तीन दिवसांत बरं वाटतं म्हणून गोळ्या थांबवल्या की तोच जंतू परततो. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा असं होत असेल तर अझिथ्रोमायसिन कमी मात्रेत काही महिने देतात. पण त्याआधी थुंकीत टीबीसदृश दुसरे जंतू नाहीत याची खात्री करायची, कारण त्यांच्यावरचं ते एक मुख्य औषध आहे आणि एकट्याने दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

सीटीत ‘बुरशीचा गोळा’ आलाय. हा कॅन्सर आहे का?

नाही. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात, कडब्यात, जुन्या धान्यात, ओल धरलेल्या भिंतीवर. आपण सगळेच ते श्वासात घेतो. निरोगी फुफ्फुस ते बाहेर टाकतं, टीबीच्या जुन्या पोकळीला ते जमत नाही. तिथे बुरशीचे धागे, कफ आणि मेलेल्या पेशी मिळून गोळा तयार होतो. सीटीत त्याच्या वर हवेची चंद्रकोर दिसते, आणि पालथं झोपवून पुन्हा सीटी काढला तर गोळा पोकळीत खाली घरंगळलेला दिसतो. कॅन्सरची गाठ अशी हलत नाही. गोळा हलत नसेल किंवा शंका राहिली तर मात्र पुढची तपासणी टाळू नये.

ब्रिटनमध्ये १९६८ च्या सुमारास, टीबी बरा होऊन अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी राहिलेल्या ५४४ लोकांची पाहणी झाली. चारांपैकी एकाच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा हे प्रमाण तिघांपैकी एकावर गेलं होतं. मोठी पोकळी उरलेल्याने म्हणूनच वर्षाकाठी एकदा तरी दाखवून घ्यावं. निदानासाठी रक्तातली अ‍ॅस्परजिलस आयजीजी ही तपासणी उपयोगी आहे. नुसत्या थुंकीत बुरशी न सापडणं याला फारसा अर्थ नाही.

गोळा एकच असेल, स्थिर असेल आणि काहीही त्रास नसेल तर त्याच्यावर नजर ठेवणं एवढंच पुरतं. तीन महिन्यांहून अधिक काळ वजन उतरत असेल, खोकला, थकवा, थुंकीत रक्त असेल, पोकळीची भिंत जाड होत असेल, तर बुरशी आता आजूबाजूचं फुफ्फुसही पोखरते आहे. हा आजार लक्षणांवरून हुबेहूब टीबीसारखा दिसतो. काकांचा तिसरा कोर्स यातूनच सुरू झाला.

थुंकीतून रक्त पडलं तर त्या क्षणी काय करायचं?

कुठल्या बाजूला पोकळी किंवा खराबी आहे हे आधीच माहीत हवं. तीच बाजू खाली येईल अशा कुशीवर झोपवा. काकांची पोकळी उजवीकडे वर आहे, म्हणून त्यांनी उजव्या कुशीवर. असं केलं की रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. या रक्तस्रावात माणूस दगावतो तो बहुधा रक्त कमी होऊन नव्हे, तर श्वासनलिका रक्ताने भरून गुदमरून. उताणं झोपवून पाणी पाजणं म्हणूनच धोक्याचं.

कफात एखादी लाल रेघ असेल तर दुसऱ्या दिवशी ओपीडीत या. नुसतं रक्त पडत असेल, पाऊण-एक कप झालं असेल, किंवा रक्त थोडं पण दम लागतोय, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी रस्त्यातला वेळ भागतो, मूळ प्रश्न सुटत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोहोचल्याबरोबर सांगा.

काही जणांना कफ अजिबात येत नाही आणि एके दिवशी अचानक रक्तच येतं. कोरड्या ब्राँकिएक्टॅसिसची ही तऱ्हा आहे. वरचा भाग आपोआप निथळत असल्याने तोवर काही कळतच नाही.

काकांना अर्धा कप रक्त पडलं आणि दम लागला, म्हणून त्यांना दाखल केलं. जांघेतून बारीक नळी घालून फुफ्फुसाच्या खराब भागाकडे जाणारी रक्तवाहिनी आतून बंद केली. याला एम्बोलायझेशन म्हणतात. रक्त त्याच दिवशी थांबलं. पण गोळा जागेवर असेपर्यंत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रक्त पुन्हा पडू शकतं, हे घरच्यांना त्याच वेळी सांगून ठेवावं लागतं. महात्मा फुले योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

बुरशीच्या गोळ्या किती महिने? आणि त्या घेताना काय सांभाळायचं?

इट्राकोनाझोल, बहुधा २०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. पूर्वी सहा महिने देत. चंदीगडच्या पीजीआयमध्ये सहा आणि बारा महिन्यांची तुलना झाली, तेव्हा सहा महिने घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार परतला आणि बारा महिने घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांचा. काकांना बारा सांगितले आहेत.

कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते, कारण ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. सकाळी उठल्याबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायची सवय घरोघरी आहे, आणि तिने हे औषध अंगी लागत नाही. टीबीचं रिफाम्पिसिन सोबत असेल तर ते इट्राकोनाझोल रक्तातून जवळपास नाहीसं करतं. म्हणून टीबी आणि बुरशी दोन्हींवर ‘एकदमच औषध’ हा तोडगा चालत नाही.

उलट बाजूची अडचण स्टिरॉइडच्या पंपाची. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असलेला पंप इट्राकोनाझोलबरोबर चालू राहिला तर पंपातलं स्टिरॉइड शरीरात साचतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं बंद पडू शकतं. पंप वेगळ्या डॉक्टरांनी दिलेला असतो आणि बुरशीची गोळी वेगळ्यांनी, त्यामुळे हे निसटतं. असा पंप बरेच दिवस चालू असेल तर एकदम थांबवू नका, दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. इट्राकोनाझोल चालू असताना पायांवर सूज आली किंवा लघवी गडद पिवळी झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ऑपरेशन करून गोळा काढूनच टाकला तर?

एकच गोळा, बाकी फुफ्फुस चांगलं, फुंकण्याची ताकद पुरेशी, अशा माणसात तोच सर्वांत पक्का उपाय आहे. काकांची पहिल्या सेकंदाची हवा १.१५ लिटर आहे आणि डावीकडचा वरचा भागही खराब आहे. उजवीकडचा तुकडा काढल्यावर उरलेल्यावर त्यांचं भागणार नाही. त्यामुळे त्यांच्याबाबतीत गोळ्या आणि गरज पडली तर पुन्हा एम्बोलायझेशन.

ऑक्सिजन घरी ठेवावा का?

विश्रांतीत बोटावरचा आकडा वारंवार ८८ किंवा त्याखाली येत असेल तर, आणि मग तो दिवसाचे पंधरा तास तरी लावावा लागतो. दम लागला की पाच मिनिटं हुंगायचा, याने आयुष्य वाढत नाही. आकडा ९४ असून दम लागत असेल तर ऑक्सिजनने तो जाणार नाही. तिथे चालण्याचा आणि मांड्यांचा नियमित व्यायाम जास्त कामाचा.

पहिल्यांदा दाखवायला येताना काय आणू?

टीबीचं कार्ड किंवा निक्षय आयडी, आजवरच्या सगळ्या फिल्म्स (नुसते रिपोर्ट नव्हे), जुन्या थुंकीच्या आणि कल्चरच्या नोंदी, आणि चालू असलेले सगळे पंप त्यांच्या खोक्यांसकट. शक्य असेल तर सकाळचा पहिला बेडका स्वच्छ डबीत, चूळ भरून, अँटिबायोटिक सुरू करण्याच्या आधी घेतलेला. डबीत नुसती लाळ असेल तर प्रयोगशाळा ती परत पाठवते आणि तुमची एक खेप वाया जाते.